कुठे लाव्हा वाहतो, कुठे डोंगर फुटतो

शिलारस भोवतालच्या खडकापेक्षा हलका, म्हणून वर चढतो. त्यात पाण्याची वाफ विरघळलेली असते. वर येताना दाब उतरला की तिचे बुडबुडे होतात. पुढचं बरंचसं रस किती दाट, यावर ठरतं. हवाईच्या किलाउएयात सिलिका जेमतेम निम्मी. रस पातळ, बुडबुडे सहज निसटतात आणि लाव्हा बहुधा नुसता वाहतो. आपला सह्याद्रीही अशाच पातळ लाव्हाच्या थरांचा.

फिलिपिन्सच्या पिनाटुबोत रस चिकट होता. १९९१च्या मे अखेरीस वर येणारा गंधकाचा वायू वाढत जाऊन एकदम घटला. वरवर दिलासा वाटावा, पण ती वाट बुजल्याची धोक्याची खूण होती. १५ जूनला कोंडलेल्या वाफेने रसाचाच भुगा केला. राख सुमारे ३५ किलोमीटर उंच गेली.