एक हरला तर पैसे परत!

माझा मावसभाऊ लेस्टरला शिकतो. शनिवारी तो एका दुकानात पार्टटाइम काम करतो आणि त्याच दिवशी १० पाउंड फुटबॉलवर लावतो. तिकडे ते कायदेशीर आहे. (आपल्याकडे २०२५ साली पैसे लावायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा झाला, तेव्हा हॉस्टेलकरांनी हे गणित वहीतच करावं.) गेल्या महिन्यात फोनवर तो म्हणाला, "अगं, तुमचं ते प्रोबॅबिलिटी शिकतेस ना? मग सांग, ही ऑफर चांगली की वाईट?"

ऑफर अशी. पाच मॅचेसचे अंदाज एकत्र लावायचे. याला अ‍ॅक्युम्युलेटर म्हणतात आणि प्रत्येक मॅच म्हणजे एक लेग. पाचही बरोबर आले तर पाचांच्या भावांचा गुणाकार करून पैसे मिळतात. एकही चुकला तर सगळं जातं. पण बरोब्बर एकच लेग हरला तर कंपनी १० पाउंड परत देते. दादाचं म्हणणं, "नेहमी एकानेच तर घात होतो!"

नेहमी? बघूया. दादा साधारण अशा टीम निवडतो ज्यांची जिंकण्याची शक्यता अर्धी असते आणि भाव १.९० मिळतो. म्हणजे एक पाउंड लावला तर जिंकल्यावर १.९० हातात. खरा भाव २ हवा होता, मधला फरक कंपनीचा. पाचही जिंकायची शक्यता ३२ मध्ये १. बरोब्बर एक हरायची, आपल्या बायनॉमियलप्रमाणे, ३२ मध्ये ५. उरलेल्या २६ वेळा दोन किंवा जास्त हरतात आणि काहीच मिळत नाही. एकाने घात झालेले शनिवार दादाला आठवतात, कारण ते टोचतात. दोघांनी घात केलेले तो विसरतो.

आता किंमत. १.९० चा पाच वेळा गुणाकार २४.७६ होतो. १० पाउंडांवर त्याचा ३२ वा हिस्सा म्हणजे सरासरी ७.७४ पाउंड परत येतात. त्यात ऑफरची भर घालायची. पण थांबा, परत मिळणारे १० पाउंड रोख नसतात! ती 'फ्री बेट' असते. ती लावून जिंकलं तर फक्त नफा मिळतो, लावलेले १० मिळत नाहीत. चारपट भावावर लावली तर ३० मिळतात, तेही चारात एकदाच, म्हणजे सरासरी साडेसात. कंपनीचा हिस्सा वजा केला की अंदाजे ७. दीडपट भावावर लावली तर मात्र साडेतीनसुद्धा होत नाहीत, म्हणून ती नेहमी मोठ्या भावावर लावायची. तर ऑफरची किंमत ५/३२ गुणिले ७, म्हणजे १.०९. एकूण ८.८३. दादा दर शनिवारी सरासरी १.१७ पाउंड देऊन येतो. विम्यासकट!

हे सांगितल्यावर तो हिरमुसला. म्हणून मी उलटा प्रश्न घेतला : ही ऑफर जास्तीत जास्त कधी मोलाची? पाचात एकच हरावा असं वाटत असेल तर प्रत्येकाची हरायची शक्यता पाचात एक हवी, म्हणजे जिंकायची ०.८. (डिफरन्शिएट करून बघा, उत्तर तेच येतं.) तेव्हा बरोब्बर एक हरायची शक्यता ४१ टक्के होते. अशा टीमला भाव १.२० मिळतो असं धरू. त्याच्या कंपनीच्या अटींत प्रत्येक लेगचा किमान भावही १.२०च आहे. मला नाही वाटत हा योगायोग आहे. त्याखाली जाऊ दिलं असतं तर लोकांनी सहा-सात लेग लावून हेच केलं असतं.

पाचही जिंकायची शक्यता ३२.८ टक्के, गुणाकार २.४९, म्हणून सरासरी ८.१५ परत. ऑफरचे ०.४१ गुणिले ७ म्हणजे २.८७. एकूण ११.०२. एक पाउंड चक्क फायदा!

दादा फोनवर ओरडलाच. पण ही ०.८ आली कुठून? मी धरली म्हणून. खरी शक्यता ०.७८ असेल तर एकूण १०.०३ येतं, म्हणजे बरोबरी. ०.७७ असेल तर ९.५७, पुन्हा तोटा. तीन टक्क्यांची चूक सगळं खाऊन टाकते, आणि टीम बघून ०.८० की ०.७७ हे कोण सांगणार? बेटिंग एक्स्चेंजवर गिऱ्हाइकं आपसांत जो भाव ठरवतात त्यात कंपनीचा हिस्सा नसतो, फक्त कमिशन असतं. तिथला भाव उलटा केला, म्हणजे १ भागिले भाव, की बऱ्यापैकी अंदाज येतो. १.२५ च्या वर असेल तर ती टीम ०.८ ची नाही.

दादाने त्याप्रमाणे पाच टीम निवडल्या. त्या शनिवारी मैदानावर पाणी साचून एक मॅच रद्द झाली आणि उरलेल्या चारांत एक हरली. त्याने फ्री बेट मागितली. उत्तर आलं की रद्द झालेला लेग मोजत नाहीत, तुमचे चारच लेग झाले आणि ऑफर पाचांची आहे. ही अट खाली बारीक अक्षरात होती. माझ्या गणितात ती नव्हती. थंडीच्या महिन्यांत ती घालावीच लागेल.