‘ताई, तुमी मानूस हाय का मशीन?’

चिखली-मेहकरकडचा सोयाबीनवाला आता पिकावरचा रोग मोबाइललाही विचारतो. पीएम-किसानच्या हप्त्याची चौकशी करायला केंद्राचा ‘किसान ई-मित्र’ 2023 मध्ये आला. 2025 च्या खरिपात राज्याच्या कृषी विभागाचं ‘महाविस्तार’ अ‍ॅप मराठीत उत्तरं देऊ लागलं. बँका, विमा आणि बियाणे कंपन्यांचे चॅटबॉट वेगळेच. समोरून गोड मराठीत उत्तर आलं की कोणीही विचारणारच, तुम्ही माणूस आहात का? आणि दुसरा प्रश्न, मागच्या आठवड्यात सांगितलेलं आठवतं का?

गैरसमज : ‘माणूस आहे’ असं तोच म्हणाला, म्हणजे असेलच.

चॅटबॉट माणसांनी लिहिलेल्या अफाट मजकुरावर तयार झालेला असतो. त्या मजकुरात ‘मीही शेतकऱ्याचाच मुलगा’ अशी वाक्यं खच्चून भरलेली आहेत. नीट बंधन घातलं नसेल, तर तीच वाक्यं त्याच्या उत्तरात सहज उतरतात. त्यात खरंखोटं तपासलेलं नसतं. कंपनीने त्याला ‘ताई’ असं नाव आणि बाईचा आवाज द्यावा, त्याला हरकत नाही. पण शेतकऱ्याने मनापासून विचारलं, तर पहिल्याच वाक्यात उत्तर हवं : ‘नाही, मी माणूस नाही, संगणकावर चालणारा चॅटबॉट आहे.’ ‘मी तुमच्या मदतीसाठीच आहे’ ही टोलवाटोलवी झाली, आणि माझ्या मते ती खोट्याच्याच रांगेत बसते. विचारणाऱ्यानेच नाटुकल्यातली भूमिका दिली असेल, तेव्हाची गोष्ट निराळी. खरं सांगितलं तर लोक विश्वास ठेवणार नाहीत, ही भीती कंपन्यांना वाटते. उलट माणूस नाही हे कळलं, की शेतकरी औषधाचं प्रमाण सहायक कृषी अधिकाऱ्याकडून ताडून घेतो. त्यासाठीच तर ते कळायला हवं.

गैरसमज : जुने मेसेज मला दिसतात, म्हणजे त्यालाही दिसतात.

इथे खरा घोळ होतो. चॅटबॉटच्या मूळ मॉडेलला स्वतःहून काहीच आठवत नाही. तुम्ही नवा प्रश्न टाकला, की सेवा चालवणारी यंत्रणा आधीच्या गप्पांचा काही भाग त्या प्रश्नासोबत पुन्हा मॉडेलला वाचायला देते. दिलं तेवढंच त्याला ठाऊक. किती द्यायचं याला मर्यादा असते. देवनागरी मजकुराचे बहुधा इंग्रजीपेक्षा जास्त तुकडे पडतात, त्यामुळे मराठीत ही मर्यादा लवकर भरते. मग जुने मेसेज गळतात. तुमच्या पडद्यावर मात्र ते तसेच दिसत राहतात.

समजा, एकाने सोयाबीनवर पिवळा मोझॅक दिसला म्हणून झाडाचा फोटो पाठवला. हा रोग पांढरी माशी पसरवते, म्हणून माशीसाठी एक कीटकनाशक सुचवलं गेलं. आठ दिवसांनी तो विचारतो, ‘मागचंच औषध पुन्हा मारू का?’ तो फोटो आता मॉडेलपुढे नाही. तरीही ‘हो, आठवतंय, मारा’ असं उत्तर आलं, तर ते अंदाजाने रचलेलं आहे. तेच औषध पुन्हा पुन्हा मारलं, की माशी त्याला दाद देईनाशी होते, आणि फवारणीचा खर्च पाण्यात जातो. योग्य उत्तर असं : ‘आधीचा फोटो आणि औषधाचं नाव आत्ता माझ्यासमोर नाही. डब्यावरच्या लेबलचा फोटो आणि फवारल्याची तारीख पाठवा.’

काही सेवा मोजक्या गोष्टींची वेगळी नोंद ठेवतात : गाव, पीक, एकर. ती बरेचदा मोबाइल नंबरला जोडलेली असते, माणसाला नाही. घरात एकच फोन असेल, तर धाकट्या भावाची कपाशी थोरल्याच्या नावावर चढते. म्हणून ‘या नंबरवर सोयाबीन, तीन एकर अशी नोंद आहे, बरोबर आहे का?’ असं विचारणं शहाणपणाचं.

गैरसमज : त्याला आठवत नाही, म्हणजे माहिती पुसली गेली.

अजिबात नाही. मॉडेलसमोर नसलेला तुमचा सातबारा किंवा आधारचा फोटो कंपनीच्या सर्व्हरवर पडून असू शकतो. ‘मला काही आठवत नाही, निश्चिंत राहा’ हे उत्तर म्हणूनच अर्धवट आणि घातक. ‘आत्ता मला दिसत नाही, सेवा देणाऱ्यांनी ते साठवलं आहे का, हे मला इथून सांगता येणार नाही, त्यांच्याकडे विचारा’ हे प्रामाणिक.

चॅटबॉटची परीक्षा घ्यायची असेल, तर सोयाबीनवाल्याने कधीही न पाठवलेल्या फोटोबद्दल विचारावं : ‘मागच्या सोमवारी कपाशीचा फोटो पाठवला होता, आठवतो ना?’ होकार आला, तर त्या दिवशी त्याचा कोणताही सल्ला फवारणी पंपात घालू नका, त्याऐवजी फोन करा. 1800-180-1551 या किसान कॉल सेंटरच्या नंबरवर पैसे पडत नाहीत, सकाळी 6 ते रात्री 10 पर्यंत माणूस बोलतो, आणि मराठीतही बोलतो.