‘परवा’ म्हणजे कोणती तारीख?

वैद्यकीय नियतकालिकासाठी रुग्ण-अहवाल मराठीतून इंग्रजीत नेताना खरी कसोटी लागते ती पूर्वेतिहासात. रुग्णाच्या ‘चक्कर’ या एका शब्दात दोन लक्षणे दडलेली असतात. भोवताल गरगरणे म्हणजे व्हर्टिगो. डोळ्यांपुढे अंधारी येणे वेगळे. पहिल्यात आंतरकर्णाचा, दुसऱ्यात रक्तदाबाचा विचार आधी होतो. नोंद संदिग्ध असेल तर भाषांतरकाराने अंदाज न बांधता डॉक्टरांनाच विचारावे.

कालक्रमात ‘परवा ताप आला’ हे रुग्ण बोलला त्या दिवसावरून मोजावे लागते. तो १२ जुलैला बोलला असेल, तर ताप १० जुलैचा. हा पहिला दिवस धरला तर १२ जुलै तिसरा ठरतो, शून्यापासून मोजल्यास दुसरा. अहवालभर एकच पद्धत हवी.

चर्चेत ‘औषधामुळे असावे’चे ‘औषधामुळे झाले’ होता कामा नये. एका रुग्णावरून कार्यकारणसंबंध सिद्ध होत नाही.