आर्चडचेसचे मोजे आणि मराठी जीभ

‘ले शोसेत द लार्शिद्युशेस सोंतेल सेश, आर्शिसेश?’ फ्रान्समधल्या जवळजवळ प्रत्येक मुलाला हे वाक्य पाठ असतं. ‘आर्चडचेसचे मोजे वाळलेत का, अगदी कोरडेठाक वाळलेत का?’ एवढाच त्याचा अर्थ. आर्चडचेस ही ऑस्ट्रियाच्या राजघराण्यातल्या स्त्रियांची पदवी. तिच्या मोज्यांची काळजी कुणालाच नाही. वाक्य टिकून राहिलं ते जिभेची फजिती करतं म्हणून. फ्रेंच शिकणाऱ्या मराठी माणसाला मात्र यातून एक नेमका व्यायाम मिळतो.

वाक्यातली व्यंजनं बाजूला काढून फक्त स आणि श पाहा: श स, श श स, स, स श, श स श. एकूण अकरा वेळा हे दोन वर्ण येतात आणि त्यांचा क्रम सतत फिरतो. खरा सापळा मध्यावर आहे. ‘लार्शिद्युशेस’चा शेवट ‘शेस’ असा होतो आणि दोनच अक्षरांनंतर ‘सेश’ येतं. स्वर तोच, पण व्यंजनांची अदलाबदल झालेली. जीभ नुकतीच एका क्रमाने गेलेली असते, तिला लगेच उलटं जायचं असतं. वेग वाढला की इथेच ‘सेश’चं ‘शेश’ होतं. बहुतेक वेळा स घसरून श होतो, उलट क्वचितच घडतं. म्हणून स्वतःचं ऐकताना कान स वर ठेवावा.

मराठीत स आणि श दोन्ही आहेत, मग अडचण कुठे येते? ओठांत. फ्रेंच श म्हणताना ओठ गोल होऊन ठळकपणे पुढे येतात. आपण मराठी श बहुधा ओठ फारसे न हलवता म्हणतो. ओठ पुढे काढले की श चा आवाज खाली उतरतो आणि स पासून स्पष्ट वेगळा ऐकू येतो. आरशासमोर ‘स्स्स्श्श्श्स्स्स्’ असं एका श्वासात म्हणून पाहा. श ला ओठ पुढे आणि स ला मागे जायला हवेत. ओठ जागचे हलत नसतील तर वेग वाढवल्यावर दोन्ही वर्ण एकमेकांत मिसळणार, हे नक्की समजा.

आणखी दोन जागा आहेत. एक म्हणजे ‘आर्शि’मधला र. मराठी र ला जिभेचं टोक वर उचलून थरथरवावं लागतं आणि लगेच पुढच्या श साठी तेच टोक हवं असतं, त्यामुळे उशीर होतो. फ्रेंच र घशात, जिभेच्या मागच्या भागाने होतो. टोक खालच्या दातांमागे निवांत असतं आणि श साठी मोकळं राहतं. श च्या आधी हा र जवळजवळ खाकरल्यासारखा, फुसफुसता होतो. दुसरी जागा ‘द्यु’. देवनागरीत हा स्वर लिहायला अक्षर नाही, म्हणून नाइलाजाने असं लिहिलंय. त्यात य नाही. ‘ई’ म्हणत राहा आणि जीभ तसूभरही न हलवता ओठ ‘ऊ’सारखे करा. जो आवाज निघेल तो तो स्वर. खात्री करायची असेल तर तो लांबवत ठेवून ओठ पुन्हा फाकवा. ‘ई’ ऐकू आली तर जीभ योग्य जागी होती, दुसरं काही ऐकू आलं तर ती मागे सरकली होती. इथला द मात्र आपल्याला फुकटात मिळतो. फ्रेंच त आणि द हे मराठीसारखेच दंत्य आहेत. इंग्रजीच्या सवयीने त्यांचे ट आणि ड करू नयेत, एवढंच.

आता सराव. तबल्याच्या रियाजात आधी ठाय लय आणि मग दुगुन असते, तसाच इथेही क्रम ठेवायचा. वाक्यात चौदा अक्षरं आहेत: ले, शो, सेत्, द, लार्, शि, द्यु, शेस्, सों, तेल्, सेश्, आर्, शि, सेश्. फ्रेंचमध्ये प्रत्येक अक्षराला साधारण सारखाच वेळ मिळतो आणि गटातलं शेवटचं अक्षर जरा लांबतं. त्यामुळे एका ठोक्याला एक अक्षर हे माप भाषेच्या लयीशी जुळतं.

ठाय लयीत वाक्य शेवटाकडून बांधत यावं. आधी नुसतं ‘सेश’. मग ‘आर्शिसेश’. मग ‘सेश, आर्शिसेश’. त्याला ‘सोंतेल’ जोडा, पुढे ‘लार्शिद्युशेस’ आणि सर्वांत शेवटी ‘ले शोसेत द’. सुरुवातीकडून पाठ केलं तर पहिले शब्द घोटले जातात आणि शेवट कच्चा राहतो. शेवटाकडून आलं की प्रत्येक वेळी आपण ओळखीच्या भागाकडे जातो आणि प्रश्नाचा सूरही सुटत नाही. मग मोबाइलवर मेट्रोनोम मिनिटाला ६० ठोक्यांवर लावा. संपूर्ण वाक्याला १४ सेकंद लागतील. प्रत्येक श ला ओठ दिसायलाच हवेत. ‘शेस सों’ म्हणताना दोन स लागून येतात. मध्ये न थांबता एकच लांब स करावा.

द्रुत लयीचा नियम एकच: सलग तीन वेळा निर्दोष म्हणता आलं तरच पुढची पायरी. ६० नंतर ९०, मग १२०. त्यानंतर एका ठोक्यात दोन अक्षरं बसवा आणि पुन्हा ९० वर येऊन १२०, १५० असं चढा. १५० ला वाक्य तीन सेकंदांच्या आत संपतं. फ्रेंच माणूस रोजच्या बोलण्यात सेकंदाला साधारण सहा-सात अक्षरं बोलतो, म्हणजे आपण त्याच्या बरेच जवळ आलो. चूक झाली तर वाक्य पुन्हा पहिल्यापासून म्हणू नका. फक्त अडलेला तुकडा, बहुधा ‘शेस सोंतेल सेश’, ६० वर आणून सोडवा आणि मग परत जोडा. शेवटच्या फेरीचं रेकॉर्डिंग करून ऐका. बोलताना जाणवत नसलेला ‘शेश’ तिथे लगेच पकडला जातो. दिवसाला दहा मिनिटं पुरतात. जबडा आवळल्यासारखा वाटला की थांबावं, कारण ताणलेल्या जबड्याने ओठ मोकळे हलत नाहीत.

हे बसल्यावर दुसरं वाक्य घ्यावं: ‘अं शासर साशां शासे से शासे सां सों श्यें’. शिकार जाणणारा शिकारी कुत्र्याशिवायही शिकार करू शकतो, असा त्याचा अर्थ. ‘शास’ आणि लगेच ‘साश’ हा उलटा क्रम इथेही आहेच. शेवटी मात्र ‘सां सों श्यें’ असे तीन निरनिराळे अनुनासिक स्वर लागोपाठ येतात. आपण ‘सान् सोन्’ म्हणून मोकळे होतो. जिभेचं टोक दातांना लागलं तर न् झाला, चुकलं. कोकणी बोलणाऱ्यांना असे नाकातले स्वर घरचेच असल्याने त्यांना हा भाग सोपा जातो.

या वाक्यांची मर्यादाही ओळखून असावं. ती जिभेला क्रम शिकवतात, कानाला नाही. आणि पाठ केलेलं वाक्य बिनचूक येणारा माणूस दुकानात तोच वर्ण पुन्हा चुकवू शकतो. म्हणून सरावाच्या शेवटी दर वेळी एक साधं वाक्य म्हणा: ‘से शोस्युर सों शेर’, म्हणजे हे बूट महाग आहेत. यातले पाचही स-श नेहमीच्या बोलण्याच्या वेगाने, विचार न करता जागेवर पडले, तरच आर्चडचेसचे मोजे वाळले असं समजावं.