लाल दिव्याचा मेल

साताऱ्यात घरून काम करणाऱ्या एका टेस्टरचं नेट सकाळी 10:40 ला गेलं. मोडेमवर LOS चा लाल दिवा लुकलुकत होता, म्हणजे फायबरमधून प्रकाशच येत नव्हता. असा दिवा लागल्यावर वायफाय रीस्टार्ट करून उपयोग नसतो.

तिने फोनवरून मॅनेजरला मेल केला: ‘मॅडम, फायबर बंद आहे, तक्रार नोंदवली आहे. 10:55 पासून हॉटस्पॉटवर आहे. कॉल घेईन, पण कॅमेरा बंद ठेवेन. मोठी बिल्ड फाइल संध्याकाळी.’

दुपारी बिघाड सापडला. कपाटामागे केबल काटकोनात दबली होती, आणि अशा वळणावर प्रकाश काचेबाहेर निसटतो. दुसऱ्या मेलमध्ये तिने कारण, बदललेली केबल आणि हिरवा झालेला PON दिवा, एवढंच कळवलं.