हळदीच्या हातावरची मेंदी

पुण्यातल्या लग्नात मेंदी आधी येते आणि हळद नंतर. मेंदीचा कोन फुटतो मुहूर्ताच्या एक-दोन दिवस आधी, आणि हळद लागते लग्नाच्या सकाळी किंवा आदल्या संध्याकाळी, मेंदी काढलेल्या त्याच हातांना. मुहूर्तावर फोटोग्राफर जे हात टिपतो त्यांवर हे दोन्ही रंग असतात. अल्बमसाठी ‘मेंदी जरा उठून दिसू दे’ असं घरचे सांगतात, तेव्हा फोटो सुधारणाऱ्याची खरी अडचण मेंदीची नसतेच. अडचण करते ती हळद.

मेंदीच्या पानातलं लॉसोन हे द्रव्य कातडीच्या वरच्या मृत थरातल्या केराटिनला जाऊन चिकटतं. लेप काढला तेव्हा नारिंगी दिसणारा रंग हवेशी संयोग होऊन दीड-दोन दिवसांत तांबूस तपकिरी होतो. तळहाताचा हा थर जाड, म्हणून तिथे रंग गडद चढतो. हाताच्या पाठीवर थर पातळ, म्हणून तीच मेंदी तिथे फिकी राहते. अक्षता टाकताना किंवा मंगळसूत्र घालताना दिसते ती हाताची पाठ, आणि म्हणूनच ‘उठून दिसू दे’ ही मागणी बहुतेक वेळा नेमक्या फिक्या बाजूबद्दल असते.

हात सरळ गडद करून चालत नाही. मेंदीबरोबर कातडीही काळवंडते, हिरव्या चुड्याखालची सावली डाग वाटू लागते. रंग वाढवणारी कळ ओढली तर बोटं नारिंगी होतात. तेव्हा आधी मेंदी कुठे आहे आणि कातडी कुठे, हे फोटोशॉपला सांगणारा मुखवटा लागतो, म्हणजे मेंदीवर पांढरी आणि बाकी सगळीकडे काळी असलेली एक चित्रपट्टी. ती हाताने रंगवणं म्हणजे मेंदी पुन्हा काढणं. ती फोटोतूनच काढून घ्यायची असते.

त्यासाठी Channels पॅनेल उघडून लाल, हिरवी आणि निळी अशा तिन्ही पट्ट्या वेगवेगळ्या बघाव्यात. लाल पट्टीत मेंदी फिकी पडते, कातडी मऊ आणि उजळ दिसते. निळ्या पट्टीत मेंदी सगळ्यात काळी दिसते, म्हणून नवशिका हटकून तीच उचलतो. मारवाडी किंवा गुजराती लग्नातल्या मेंदीच्या रात्रीच्या फोटोंवर ते कदाचित चालूनही जाईल. आपल्या मुहूर्ताच्या फोटोवर मात्र चालत नाही. हळद पिवळी असते, याचा अर्थच ती निळा प्रकाश गिळते. निळ्या पट्टीत हळदीचे पट्टे अर्धवट रंगलेल्या मेंदीसारखे दिसतात.

एका फोटोतले आकडे घेऊ. Info पॅनेल उघडं ठेवून मनगटाजवळच्या कोऱ्या कातडीवर कर्सर नेला, तर लाल 205, हिरवा 160, निळा 130. मेंदीच्या पानावर 140, 85, 60. दोन बोटांच्या बेचक्यात राहिलेल्या हळदीवर 205, 155, 85. निळ्याच्या हिशेबात हळद कातडीपेक्षा मेंदीच्याच जवळ बसली आहे. हिरव्याच्या हिशेबात हळद आणि कातडी यांत फक्त पाचचा फरक, आणि मेंदी मात्र पाऊणशेनं खाली. ज्या पट्टीत हळद नाहीशी होते ती आपली पट्टी.

हिरव्या पट्टीची बाजू घ्यायला आणखी एक कारण आहे. बहुतेक कॅमेऱ्यांच्या संवेदकावर निम्मे ठिपके हिरव्याचे असतात, लाल आणि निळ्याच्या वाट्याला प्रत्येकी पाव. बारीक जाळी हिरव्यात शाबूत राहते, निळ्यात दाणे येतात. जेपेग फाईल रंगाचा तपशील सहसा कमी करून साठवते, त्यामुळे फोनवरून पाठवलेल्या फोटोची निळी पट्टी चौकटी-चौकटींची दिसते. शक्य असेल तिथे रॉ फाईलच मागून घ्यावी. हॉलच्या पिवळ्या दिव्यांचा रंग आधी त्यातच निस्तरावा, नाहीतर सगळा हातच हळद लावल्यासारखा दिसतो.

हिरव्या पट्टीचा दोषही सांगायला हवा. रक्ताचा लालपणा तिच्यात काळा दिसतो. बोटांची पेरं, नखांच्या कडा आणि तळहातावरच्या रेषा तिच्यात उमटतात. शिवाय हात गोल असल्यामुळे एका बाजूची सावलीही असते. म्हणून हिरव्या पट्टीची नक्कल करायची आणि तिच्यावर High Pass फिल्टर चालवायचा. हा फिल्टर मोठी, सावकाश बदलणारी सावली काढून टाकतो आणि रेघा ठेवतो. त्याचा Radius मेंदीच्या नेहमीच्या रेघेच्या जाडीपेक्षा थोडा जास्त ठेवावा. फोटोत रेघ बारा पिक्सेल असेल तर पंधरा-वीसपासून सुरुवात करावी. मग ती पट्टी उलटी करून Levels ने करडा भाग काळा आणि रेघा पांढऱ्या होईपर्यंत ओढावी. हातांबाहेरचं सगळं, अंगठ्या, बांगड्या, शालूचा काठ, ब्रशने काळं करावं. हस्तरेषाही इथेच पुसाव्यात.

या फिल्टरची एक खोड आहे. बोटांची टोकं आपल्याकडे भरीव रंगवतात. तिथे High Pass ला फक्त कड सापडते आणि आतला भाग पोकळ करडा राहतो. तसंच पुढे गेलं तर टोकाभोवती गडद कंगोरा आणि मधे फिका डाग येतो. तेवढे भरीव भाग मऊ ब्रशने पांढरे भरून घ्यावेत. दहा टोकांचं काम असतं, त्याला आडवाट नाही.

आता या मुखवट्याखाली Curves चा थर घ्यावा आणि त्याची Blending पद्धत Luminosity ठेवावी. असं केलं की उजेड बदलतो, रंगाची छटा फारशी हलत नाही. साध्या पद्धतीत मेंदी गडद होताना भडक नारिंगी होते. वक्र मधोमध धरून खाली ओढायचा, हिरव्याचा आकडा 85 वरून 65 च्या आसपास येईल इतकाच. याहून खाली नेलं तर कागदावर जवळजवळच्या रेघा एकमेकींत मिसळतात आणि वेलीतलं पान न् पान सुटं दिसायचं थांबतं. फार तर छटा लालाकडे किंचित सरकवावी. मेंदीच्या रात्रीच्या फोटोंना मात्र मुहूर्ताचा गडद रंग देऊ नये. त्या रात्री ती नारिंगीच होती, आणि अल्बमची पानं उलटताना रंग चढत जाणं ही त्या दोन दिवसांची खरी गोष्ट आहे.

कातडी डागाळली की नाही हे नजरेवर सोडू नये, कारण तासभर तोच हात बघितला की नजर फसते. मनगटाची तीच कोरी जागा Info मध्ये पुन्हा वाचावी. थर लावण्याआधी 205, 160, 130 आणि नंतरही तेच, तर मुखवटा स्वच्छ आहे. आकडे तीन-चारनं जरी उतरले तरी करडा भाग पुरता काळा झालेला नाही, Levels परत ओढायला हवं. मग फोटो शंभर टक्के मोठा करून थर बंद-चालू करावा. रेघेबाहेर काळी किंवा पांढरी कड चमकत असेल तर मुखवटा अर्ध्या-एक पिक्सेलनं मऊ करावा. बेचक्यात हळदीचा पट्टा गडद झाला असेल, तर चुकून निळी पट्टी उचलली गेली आहे.

यातलं काहीच लागू पडत नाही अशीही फोटोंची एक जात आहे. नवरी हात कॅमेऱ्यासमोर धरते, फोटोग्राफर छिद्र f/1.8 वर उघडं ठेवून तिच्या डोळ्यांवर नेम धरतो, आणि हात धूसर येतात. धूसर रेघेला कडच नसल्यामुळे High Pass ला धरायला काही मिळत नाही, आणि काळेपणा वाढवला की मेंदी ओघळल्यासारखी दिसते. असा फोटो आहे तसाच ठेवावा आणि फोटोग्राफरला सांगावं, की हातांचा फोटो घेताना नेम हातांवर धर आणि छिद्र f/5.6 पर्यंत आण.