चित्रातली अक्षरं आणि एक फसवं शून्य

सोसायटीच्या ग्रुपवर चिटणीसांनी रंगकामाच्या वर्गणीसाठी बँकेचा तपशील टाकला, पण तो फोटोच्या रूपात. खातेक्रमांक, आयएफएससी कोड, शाखेचं नाव सगळं डोळ्यांसमोर आहे, पण बोट ठेवलं तर एकही अक्षर निवडता येत नाही. मग आपण कागद-पेन घेतो, आकडे उतरवतो आणि बँकेच्या अ‍ॅपमध्ये एकेक टाइप करतो. ही खटपट करायची गरज नाही. चित्रातला मजकूर ओळखण्याची सोय बहुतेक नव्या फोनमध्ये आणि संगणकात आधीपासूनच असते.

आयफोन आणि आयपॅडवर २०२१च्या आयओएस १५ आणि आयपॅडओएस १५पासून Live Text ही सोय आली. मात्र आयफोन एक्सएस, एक्सआर किंवा त्यानंतरचा हवा. स्क्रीनशॉट फोटोंमध्ये उघडायचा, हव्या त्या शब्दावर बोट दाबून धरायचं, टोकं ओढून निवड वाढवायची आणि Copy करायचं. मॅकवरही तसंच: प्रिव्ह्यूमध्ये चित्र उघडून मजकुरावरून माउस ओढला की तो निवडला जातो. अँड्रॉइडवर गूगल फोटोजमध्ये चित्र उघडून लेन्सचं बटण दाबायचं. विंडोज ११वर Win+Shift+S दाबून पडद्यावरचा हवा तेवढा भाग टिपायचा, तो स्निपिंग टूलमध्ये उघडायचा आणि Text actions मधून Copy all text निवडायचं.

इथवर सोपं आहे. चूक होते ती पुढे, पेस्ट केल्यावर.

चित्रात अक्षरं नसतात, रंगीत ठिपके असतात. यंत्र त्या ठिपक्यांचे आकार बघून ‘हा बहुधा अमुक असावा’ असं ठरवतं. साध्या वाक्यात शेजारच्या अक्षरांवरून त्याला अंदाज बांधता येतो. कोड किंवा खातेक्रमांकात तसा आधार नसतो. म्हणून शून्य आणि इंग्रजी ओ, एक आणि आय, आठ आणि बी, पाच आणि एस यांची अदलाबदल होते.

आयएफएससी कोडचंच बघू. त्यात ११ अक्षरं असतात: पहिली चार बँकेची, पाचवं कायम शून्य आणि शेवटची सहा शाखेची. स्टेट बँकेच्या कोडची सुरुवात `SBIN0` अशी हवी. पेस्ट केल्यावर ती `SBINO` अशी आली, तर पाचव्या जागी ओ शिरलाय हे लगेच कळतं. नुसत्या नजरेला दोन्ही सारखेच दिसतील, म्हणून शंका आली की पाचवं अक्षर खोडून शून्य स्वतः टाइप करावं. चुकलेला कोड अस्तित्वातच नसला तर अ‍ॅप तो नाकारतं, त्यामुळे इथली चूक बहुधा वेळीच पकडली जाते.

खातेक्रमांकाला असं ठरलेलं रूप नाही. बँकेबँकेत त्याची लांबीही वेगळी असते आणि आठाचा तीन झाला तरी तो क्रमांक अगदी खरा वाटतो. तेव्हा चित्र आणि पेस्ट केलेला क्रमांक शेजारी ठेवून आधी एकूण अंक मोजावेत, मग चार-चार अंकांचे गट करून ताडून बघावेत. सुरुवातीची शून्यं गळलेली नाहीत ना, हेही पाहावं. पैसे पाठवण्यापूर्वी खातेदाराचं नाव दाखवणारी सोय तुमच्या बँकेच्या अ‍ॅपमध्ये असेल, तर ती आवर्जून वापरावी.

मराठी मजकुराची वेगळीच गंमत होते. ज्या यंत्राला देवनागरी शिकवलेली नाही, ते मराठी ओळीतही रोमन अक्षरं शोधतं आणि हाती निरर्थक गिचमीड देतं. गूगल लेन्सला देवनागरी येते. तरी अनुस्वार गळणं, ‘घ’चा ‘ध’ किंवा ‘भ’चा ‘म’ होणं चालूच असतं. सगळ्यात चकवणारा आकडा म्हणजे मराठी एक. ‘१’ हा इंग्रजी 9 सारखा दिसतो. लग्नपत्रिकेतली १ तारीख ९ होऊन कॅलेंडरमध्ये बसली, तर पाहुणे आठवडाभर उशिरा पोचतील.

चित्र जितकं पुसट, तितक्या चुका जास्त. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवताना तो आकुंचित होतो आणि अक्षरांच्या कडा विरतात. नंतर मोठा करून पाहिला तरी हरवलेले ठिपके परत येत नाहीत. अशा वेळी पाठवणाऱ्याला तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगावं.

आणि चिटणीसांना एक विनंती: खातेक्रमांक फोटोऐवजी थेट मजकूर म्हणून टाकावा. एकदा नीट तपासून टाइप केला, की सभासदांना तो अंदाजावर सोडावा लागणार नाही.